किलोचा भाव आणि नगाचा खर्च: सोलापुरातील एका टॉवेल कारखान्याच्या खर्चपत्रकाचा अभ्यास

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील सोळा यंत्रमागांच्या एका कारखान्याचे हे प्रकरण आहे. मालकांच्या विनंतीवरून कारखान्याचे नाव दिलेले नाही. येथे तीन प्रकारचा माल निघतो: 75 × 150 सेंटिमीटरचा आणि 450 ग्रॅम वजनाचा आंघोळीचा टॉवेल, 40 × 60 सेंटिमीटरचा 100 ग्रॅमचा नॅपकिन आणि 500 ग्रॅमचा नक्षीदार जेकार्ड टॉवेल. सोळापैकी आठ मागांवर टॉवेल, चारांवर नॅपकिन आणि नक्षी विणण्याचे जेकार्ड यंत्र बसवलेल्या उरलेल्या चारांवर नक्षीचा माल विणला जातो. माझ्याकडे हे काम आले ते एका मोठ्या मागणीमुळे. एका व्यापाऱ्याने दोन महिन्यांत 30,000 जादा नॅपकिन मागितले होते आणि त्यासाठी टॉवेलचे चार माग नॅपकिनकडे वळवावेत, असा मालकांचा विचार चालला होता. खर्चपत्रकात नॅपकिन चांगला नफा दाखवत होता, तरी बँकेतील शिल्लक त्या नफ्याला कधीच जुळत नव्हती. त्यामुळे मागणी स्वीकारण्यापूर्वी एकदा खर्च तपासून द्यावा, असे त्यांनी सांगितले.

जुने खर्चपत्रक एका पानाचे होते आणि ते पूर्णपणे किलोवर आधारलेले होते. सोलापुरात सूत किलोने येते, रंगाई किलोने होते आणि व्यापारीही टॉवेलची बोलणी ग्रॅममध्ये करतो, त्यामुळे ही सवय कशी लागली हे समजण्यासारखे आहे. सुताचा सरासरी भाव किलोला 240 रुपये, त्यावर 5 टक्के घट धरून 252 रुपये, रंगाई सरसकट 50 रुपये आणि शिलाई, पॅकिंग, वीज, मागांची देखभाल करणाऱ्या जॉबरचा पगार, भाडे, घसारा असा बाकी सर्व खर्च एकत्र करून किलोला 73 रुपये, असे एकूण 375 रुपये होत. नगाच्या वजनाने गुणून आलेल्या रकमेत विणकराची नगावरची मजुरी मिळवली की खर्च तयार होई. या रीतीने टॉवेलचा खर्च 186.75 रुपये, नॅपकिनचा 41.10 रुपये आणि जेकार्डचा 215.50 रुपये निघत होता. विक्रीचे भाव जीएसटी वगळून अनुक्रमे 205, 46 आणि 262 रुपये होते.

कोणतेही खर्चपत्रक हाती आले की त्याची पहिली परीक्षा मी एकाच प्रकारे घेतो: पत्रकातील प्रत्येक मालाचा नगखर्च त्या महिन्याच्या उत्पादनाने गुणायचा, बेरीज करायची आणि ती खातेवहीतील त्याच महिन्याच्या कारखाना खर्चाशी ताडून पाहायची. अभ्यासासाठी घेतलेल्या महिन्यात 6,000 टॉवेल, 15,000 नॅपकिन आणि 2,025 जेकार्ड टॉवेल तयार झाले होते. जुन्या पत्रकाप्रमाणे त्यांचा खर्च 21 लाख 73 हजार येत होता, तर खातेवही 23 लाख 61 हजार दाखवत होती. म्हणजे सुमारे 1 लाख 88 हजार रुपये खर्च प्रत्यक्षात झाला होता, पण तो कोणत्याही नगावर बसलेला नव्हता. कागदावर 2 लाख 77 हजारांचा दिसणारा नफा वहीत जेमतेम 90 हजारांवर येत होता आणि त्यातूनही दलाली, कार्यालयाचा खर्च व बँकेचे व्याज जायचे होते. संगणकावरील तक्त्यात ही परीक्षा एका ओळीची आहे. दुसऱ्या ओळीत नग, विसाव्या ओळीत नगखर्च आणि E20 मध्ये खातेवहीची रक्कम असेल तर सूत्र असे होते:

```
=E20-SUMPRODUCT(B2:D2,B20:D20)
```

हा फरक शोधताना सर्वांत मोठा तुकडा मजुरीत सापडला. पत्रकात विणकराची टॉवेलमागे 18 रुपये ही हातात दिली जाणारी मजुरी होती, पण तिच्यामागोमाग येणारे खर्च नव्हते. भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा वाटा प्रशासन आणि विमा आकारासह 13 टक्के, कर्मचारी राज्य विम्याचा म्हणजे ईएसआयचा 3.25 टक्के, किमान बोनस 8.33 टक्के, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे 4.8 टक्के आणि भरपगारी सुट्ट्यांचे अडीच-पावणेतीन टक्के, असे मिळून हे ओझे 32 टक्के होते. दिवाळीत एकरकमी दिला जाणारा बोनस मालकांच्या मनात दिवाळीचा खर्च म्हणून होता. पण तो मार्चमध्ये विणलेल्या टॉवेलचाही खर्च आहे आणि त्या टॉवेलचा भाव ठरतानाच तो धरायला हवा होता. विणकर आणि शिलाई विभाग मिळून ही न धरलेली रक्कम महिन्याला सुमारे 88,500 रुपये होती.

दुसरा तुकडा सुताचा. पत्रकाच्या हिशेबाने 5,473 किलो सूत लागायला हवे होते, परंतु गोदामाच्या नोंदवहीप्रमाणे 5,720 किलो सूत विभागात गेले होते. 5 टक्के हा आकडा कोठून आला, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. तो पूर्वीपासून चालत आला होता. म्हणून आम्ही तिन्ही मालांचा, ताण्याचे धागे गुंडाळलेला एकेक बीम वजन करून लावला आणि शेवटपर्यंत त्याचा मागोवा घेतला. कांडी भरताना व बीम करताना होणारी तुटफूट, मागावर बीमच्या शेवटी उरणारे धागे, ब्लीचिंगमध्ये सुतातील मेण व खळ निघून जाणारे वजन आणि कापताना निघणारी चिंधी, असे सर्व धरून टॉवेलमध्ये 8 टक्के, जेकार्डमध्ये 9 टक्के आणि नॅपकिनमध्ये 10 टक्के घट आली. नॅपकिनची घट जास्त असण्याचे कारण साधे आहे: तेवढ्याच लांबीच्या कापडावर त्याला अडीचपट काप पडतात आणि प्रत्येक कापाला थोडे कापड जाते.

येथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. घट ही दिलेल्या सुताच्या टक्क्यांत मोजलेली असल्यामुळे तयार वजनाला 1.08 ने गुणून चालत नाही, 0.92 ने भागावे लागते. 450 ग्रॅमच्या टॉवेलला 489 ग्रॅम सूत लागते, 486 नव्हे. दुसरी गोष्ट हवेची. सुती धाग्याचा प्रमाण ओलावा 8.5 टक्के मानला जातो, आणि सोलापूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत सूत व टॉवेल दोन्ही त्यापेक्षा हलके भरतात. पावसाळ्यात तोललेले सूत आणि उन्हाळ्यात तोललेला टॉवेल यांची तुलना केली, तर नसलेली घट दिसू लागते. त्यामुळे एका बीमचे सर्व तोल आम्ही एकाच आठवड्यात घेतले. विकल्या जाणाऱ्या चिंधीचे किलोला 40 रुपये सुताच्या खर्चातून वजा केले. ब्लीचिंगमध्ये गेलेले वजन मात्र विकता येत नाही, म्हणून संपूर्ण घटीला चिंधीचा भाव लावलेला नाही.

रंगाईचा तुकडा लहान होता, पण बोलका होता. टॉवेल व नॅपकिनच्या फिक्या सुताला बाहेर किलोमागे 45 रुपये लागतात आणि जेकार्डच्या गडद रंगांना 75. सरासरी 50 रुपये लावल्यामुळे जेकार्डच्या रंगाचा भार साध्या टॉवेलवर जात होता, आणि शिवाय हा दर दिलेल्या सुतावर न लावता तयार वजनावर लावला जात होता.

हे झाले सुटलेल्या खर्चांविषयी. खरा प्रश्न त्यानंतरचा होता, कारण सुटलेले खर्च भरून काढले तरी किलोला 73 रुपयांची गोळाबेरीज तशीच राहिली असती. शंभर ग्रॅमचा नॅपकिन आणि साडेचारशे ग्रॅमचा टॉवेल शिलाईच्या टेबलावर आला की दोघांच्याही दोन कडा दुमडून शिवाव्या लागतात, दोघांनाही लेबल लागते, दोघेही उजेडात धरून तपासावे लागतात आणि दोघांचीही घडी घालावी लागते. किलोवर वाटणी केली की नॅपकिनच्या वाट्याला टॉवेलच्या दोन-नवमांश एवढाच शिलाईचा भार येतो. प्रत्यक्षात शिलाई विभागातून जाणाऱ्या 23,025 नगांपैकी 15,000 नॅपकिनच असतात आणि तो विभाग जवळजवळ त्यांच्यासाठीच चालतो.

म्हणून अप्रत्यक्ष खर्चाचे आम्ही तीन गट केले. अधिक गटांची गरज वाटली नाही, कारण नोंदी ठेवणारा माणूस एकच आहे आणि त्याला पेलणार नाही असे पत्रक तिसऱ्या महिन्यात बंद पडते. पहिला गट मागाच्या वेळेशी बांधलेला: मागांची वीज 38,000, दोन जॉबर 44,000, सुटे भाग व तेल 21,000, घसारा 30,000 आणि माग असलेल्या शेडचे भाडे 29,000, असे 1,62,000 रुपये. दुसरा गट वजनाशी बांधलेला: कांडी व बीम विभागाची मजुरी, गोदाम आणि सुताची वाहतूक, असे 83,400 रुपये. तिसरा नगांशी बांधलेला: शिलाई विभागाचा देखरेख करणारा, त्या खोलीचे भाडे, दोरा, सुया, यंत्रांची दुरुस्ती व वीज, असे 46,050 रुपये. तिन्हींची बेरीज 2,91,450 रुपये आहे आणि ती खातेवहीशी जुळते. फक्त वाटणीचा आधार बदलला आहे.

मागाचा वेळ मिळवण्यासाठी जॉबरला बरोबर घेऊन एक आठवडा मोजणी केली. टॉवेलची 150 सेंटिमीटर लांबी म्हणजे 59 इंच, इंचाला 45 बाण्याचे म्हणजे आडवे धागे, म्हणजे सुमारे 2,650 धागे. माग मिनिटाला 130 धागे टाकतो, तेव्हा न थांबता 20 मिनिटे पुरतील. परंतु धागा तुटणे, कांडी बदलणे, विणकराने दुसऱ्या मागाकडे जाणे हे सर्व धरून प्रत्यक्षात सरासरी 27 मिनिटे लागतात. नॅपकिन रुंदीत दोन विणले जात असल्याने एकाला 5.4 मिनिटे, आणि जेकार्डचा माग सावकाश चालत असल्याने त्याच्या टॉवेलला 40 मिनिटे लागतात. जॉबरचा अंदाज टॉवेलला 22 मिनिटे असा होता. तो चुकीचा नव्हता. तो चालत्या मागाचा वेळ सांगत होता आणि आम्हाला माग अडवून ठेवल्याचा वेळ हवा होता.

या 1,62,000 रुपयांना कोणत्या तासांनी भागायचे, यावर मालकांशी बराच वेळ बोलणे झाले. सोळा माग, 16 तास आणि 25 दिवस यांचा गुणाकार 6,400 तास होतो. बीम बदलणे, मोठी दुरुस्ती, वीज जाणे, विणकरांची गैरहजेरी यांतून वर्षभराच्या सरासरीने महिन्याला 5,400 तास हाती येतात. हीच या कारखान्याची सामान्य क्षमता धरली आणि दर तासाला 30 रुपये आला. भारतीय लेखा मानक 2 हेही साठ्याच्या मूल्यांकनात स्थिर उत्पादन खर्च सामान्य क्षमतेवरच बसवायला सांगते. मालकांना वाटत होते की त्या-त्या महिन्यात माग जेवढे चालले तेवढ्याच तासांनी भागावे. पण मंदीच्या महिन्यात 4,050 तासच माग चालले तर वीज वगळून उरणाऱ्या 1,24,000 रुपयांचा तासाचा दर 23 वरून 30.60 रुपयांवर जातो आणि तोच टॉवेल काहीही न बदलता साडेतीन रुपयांनी महाग दिसू लागतो. त्यावरून भाव वाढवला तर मंदीत आणखी मागणी जाते. म्हणून दर कायम ठेवून त्या महिन्यात न बसलेले 31,000 रुपये रिकाम्या मागांचा खर्च म्हणून वेगळ्या ओळीत लिहायचे ठरले. ते पैसे खरेच गेलेले असतात, पण ते विणलेल्या टॉवेलने खाल्लेले नसतात.

वजनाच्या गटाचा दर किलोला 16 रुपये आणि नगाच्या गटाचा नगाला 2 रुपये आला. शेवटच्या दराविषयी मला पूर्ण समाधान नाही, कारण जेकार्ड टॉवेलची तपासणी जास्त वेळ घेते आणि नॅपकिनची कड आखूड असते. तरीही नगावर वाटणी ही किलोवरच्या वाटणीपेक्षा सत्याच्या पुष्कळ जवळ आहे. नवे पत्रक असे झाले (एका नगासाठी, रुपयांत):

| बाब | टॉवेल | नॅपकिन | जेकार्ड |
|---|---|---|---|
| सूत (चिंधी वजा) | 116.60 | 26.40 | 130.90 |
| रंगाई | 22.00 | 5.00 | 41.20 |
| विणाई, 32 टक्क्यांसह | 23.75 | 4.75 | 36.95 |
| शिलाई, तपासणी, घडी | 3.70 | 3.05 | 4.20 |
| लेबल व पॅकिंग | 1.50 | 0.90 | 4.60 |
| नक्षीच्या पत्त्या | – | – | 2.00 |
| मागाचा वेळ, तासाला 30 | 13.50 | 2.70 | 20.00 |
| वजन, किलोला 16 | 7.20 | 1.60 | 8.00 |
| नग, प्रत्येकी 2 | 2.00 | 2.00 | 2.00 |
| कारखाना खर्च | 190.25 | 46.40 | 249.85 |
| जुन्या पत्रकातील खर्च | 186.75 | 41.10 | 215.50 |
| विक्रीचा भाव | 205.00 | 46.00 | 262.00 |

नक्षीच्या पत्त्यांचा एक संच सुमारे 6,000 रुपयांचा असतो आणि एका नक्षीचे साधारण 3,000 नग निघतात, म्हणून नगाला 2 रुपये धरले. नक्षी चालली नाही तर ही रक्कम वाढते.

टॉवेलचा खर्च दोन टक्क्यांहूनही कमी बदलला, आणि त्यामुळेच जुने पत्रक इतकी वर्षे विश्वासार्ह वाटत आले असावे; मालक ज्या मालाकडे पाहून पत्रक बरोबर मानत होते, तो माल खरोखरच सरासरीच्या जवळ होता. जेकार्डचा खर्च मात्र 16 टक्क्यांनी आणि नॅपकिनचा 13 टक्क्यांनी वाढला. ज्या नॅपकिनवर 4.90 रुपये सुटतात असे वाटत होते, तो नगामागे 40 पैसे तोट्यात होता. नवा नगखर्च उत्पादनाने गुणून बेरीज केली तेव्हा 23 लाख 43 हजार आले. खातेवहीशी राहिलेला फरक एक टक्क्याच्या आत होता आणि तो आम्ही स्वीकारला.

हे आकडे पाहून मालकांचा पहिला उद्गार नॅपकिन बंदच करू, असा होता. तेथे थांबावे लागले. 46.40 रुपयांत भाडे, घसारा, जॉबरचा पगार यांचा वाटा आहे आणि नॅपकिन बंद केल्याने त्यांतील एकही रुपया वाचणार नाही. निर्णयासाठी वेगळा प्रश्न विचारायला हवा होता: एक नग जास्त विणल्याने जो खर्च वाढतो तेवढाच वजा केला, तर मागाच्या एका तासाला किती रुपये उरतात? कारखान्यात अपुरी पडणारी गोष्ट मागाचा वेळ आहे, म्हणून माप तेच. प्रत्यक्ष खर्चात मागाची वीज, कांडी-बीमची वाढणारी मजुरी आणि 2 टक्के दलाली मिळवली, तेव्हा टॉवेलवर नगाला सुमारे 24.30 रुपये, नॅपकिनवर 3.05 आणि जेकार्डवर 25.70 रुपये उरले. त्यांना मागाच्या वेळेने भागल्यावर तासाला टॉवेलचे 54 रुपये, जेकार्डचे 39 आणि नॅपकिनचे 34 रुपये झाले.

जुन्या पत्रकावरून हाच हिशेब केला असता, तर नॅपकिन तासाला 54 आणि टॉवेल 41 असे उलटे उत्तर आले असते. मालकांचा मूळ विचार त्यांच्या पत्रकाप्रमाणे बरोबरच होता. पत्रक चुकीचे होते. 30,000 नॅपकिनना 2,700 मागतास लागतात. ते टॉवेलकडून काढले असते तर तासाला 20 रुपयांप्रमाणे दोन महिन्यांत 54,000 रुपयांचे नुकसान झाले असते. त्याखेरीज शिलाई विभागाकडे महिन्याला 23,000 ऐवजी 35,000 नग आले असते आणि तेथे दुप्पट दराने जादा वेळ द्यावा लागला असता, हे वेगळेच. तो खर्च 54,000 मध्ये धरलेला नाही.

टॉवेलइतकेच उत्पन्न तासाला मिळण्यासाठी नॅपकिनचा भाव किती हवा, हे मग सरळ काढता आले. 54 रुपयांच्या हिशेबाने 5.4 मिनिटांत 4.86 रुपये उरायला हवेत, 3.05 च्या वर 1.81 रुपये, आणि दलाली धरून भाव 47.85. मालकांनी व्यापाऱ्याला 48 रुपये सांगितले. व्यापारी तयार झाला नाही. बोलण्याअंती 47 रुपयांना 10,000 नग ठरले, मात्र ते मालकांच्या सोयीने, टॉवेलची मागणी कमी असलेल्या महिन्यात विणून देण्याच्या अटीवर. त्या भावाला तासाला 45 रुपये उरतात. टॉवेलच्या जागी ते कमी आहेत, पण रिकाम्या मागाच्या तुलनेत ते पूर्ण मिळकत आहेत.

जेकार्डचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ते चार माग साध्या टॉवेलसाठी वापरता येतात, पण जेकार्ड काढून ठेवल्याशिवाय त्यांचा वेग वाढत नाही, आणि काढण्याचा खर्च अद्याप मोजलेला नाही. शिवाय दुय्यम प्रतीच्या मालाचा कमी येणारा भाव या पत्रकात नाही, आणि गडद रंगाच्या जेकार्डमध्ये असा माल सर्वांत जास्त निघतो, असे शिलाई विभागातील बायका सांगतात. त्यासाठी तपासणीच्या टेबलावर तीन रकान्यांची एक वही ठेवली आहे. कोरड्या हवेत धागा अधिक तुटतो, त्यामुळे मागाच्या वेळेची मोजणी मे महिन्यात पुन्हा करायची आहे. ऑगस्टमध्ये मिळालेले 27 मिनिटे तेव्हा टिकतात का, यावर तासाचा दर अवलंबून राहील.